गेम तर बनवला, पण मुलाखतीत तो सांगायचा कसा?

समजा, पुण्यात एका गेम स्टुडिओत ज्युनिअर प्रोग्रॅमरच्या जागेसाठी मुलाखत सुरू आहे. समोर नुकतीच पदवी घेतलेली तरुणी बसली आहे. नोकरीचा अनुभव नाही. बायोडेटात दाखवण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे सुट्टीत बनवलेला मोबाईल गेम.

"तुमच्या गेमबद्दल सांगा," असं तिला विचारलं जातं.

ती सांगते, "युनिटीमध्ये स्पेस शूटर बनवलाय. पाच लेव्हल आहेत, पॉवर-अप आहेत, शेवटी बॉस आहे."

यात चुकीचं काहीच नाही. पण असा गेम व्हिडिओ ट्युटोरियल बघूनही बनतो. त्यामुळे हिने स्वतः काय केलं, कुठे अडकली आणि त्यातून कशी बाहेर पडली, हे मुलाखत घेणाऱ्याला कळतच नाही. त्याला गेमची नाही, तर तो बनवणारीची माहिती हवी असते.

हाच गेम नीट कसा सांगता येईल?

'मी एकटीने बनवला' म्हणजे नेमकं काय?

एकट्याने केलेल्या गेममध्येही सगळं स्वतःचं नसतं. या उदाहरणात यानांची चित्रं 'केनी' या वेबसाईटवरच्या मोफत संग्रहातली आहेत आणि यान हलवण्याचा कोड ट्युटोरियलमधून घेतलेला आहे. शत्रूंच्या लाटा आणि गोळ्यांची यंत्रणा मात्र तिने स्वतः लिहिली आहे.

हे पहिल्याच मिनिटात सांगणं फायद्याचं ठरतं. प्रोग्रॅमरच्या जागेसाठी चित्रं उसनी असली तरी सहसा कोणाची हरकत नसते. पण सगळं आपलंच असल्याचं सांगितलं आणि यान हलवण्याच्या कोडमधली एखादी ओळ दाखवून "हे इथे का लिहिलंय?" असं विचारलं गेलं, तर उत्तर सापडत नाही. मग जे खरोखर स्वतः केलंय, त्यावरही शंका घेतली जाते.

गेम मित्रांसोबत केला असेल, तर 'आम्ही' आणि 'मी' हे वेगळे ठेवावे लागतात. "गेम आम्ही तिघांनी केला, गोळ्यांचा कोड माझा," एवढं पुरतं.

अडचण एकच, पण मुळापासून

पाच अडचणींची यादी सांगण्यापेक्षा एकच अडचण शेवटपर्यंत उलगडलेली बरी. या गेममधली अडचण अशी होती: लॅपटॉपवर गेम छान चालायचा, पण मैत्रिणीच्या जुन्या फोनवर तिसऱ्या लेव्हलमध्ये अडखळायचा.

आधी तिला वाटलं, चित्रं जड आहेत. तिने ती लहान केली, पण फरक पडला नाही. हा चुकलेला अंदाज लपवायची गरज नसते. अंदाज चुकल्यावर तिने काय केलं, हेच तर समोरच्याला ऐकायचं असतं.

तिने फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि युनिटीचा प्रोफायलर लावला. प्रत्येक फ्रेम तयार व्हायला किती वेळ लागतो आणि तो कशावर जातो, हे हे साधन दाखवतं. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमला साधारण 16.7 मिलिसेकंदच मिळतात. तिच्या बहुतेक फ्रेम 12 मिलिसेकंदांत होत होत्या, पण दर दोन सेकंदांनी एक फ्रेम 68 मिलिसेकंद घेत होती. त्या फ्रेममध्ये सर्वाधिक वेळ 'गार्बेज कलेक्शन', म्हणजे वापरून झालेली मेमरी साफ करण्यात जात होता.

कारण तिच्याच कोडमध्ये होतं. प्रत्येक गोळी `Instantiate` ने नव्याने तयार व्हायची आणि लागली की `Destroy` ने नष्ट व्हायची. पंगतीत दरवेळी नवी पत्रावळ मांडावी आणि जेवण झालं की फेकावी, तसा हा प्रकार. कचरा साठत जातो आणि मध्येच वाढणं थांबवून तो उचलावा लागतो.

तिने पत्रावळींऐवजी स्टीलची ताटं आणली. लेव्हल सुरू होतानाच 40 गोळ्या तयार करून लपवून ठेवायच्या, लागेल तेव्हा त्यातली एक बाहेर काढायची आणि काम झालं की परत ठेवायची. याला 'ऑब्जेक्ट पूलिंग' म्हणतात.

पण ताट न धुता पुन्हा वाढलं तर? तसंच झालं. परत वापरलेल्या गोळीच्या मागे, तिच्या जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत एक लांब रेघ दिसू लागली. गोळीमागची प्रकाशरेषा आधीची जागा विसरली नव्हती. गोळी बाहेर काढताना तिला नव्या जागी ठेवून `TrailRenderer.Clear()` वापरल्यावर ती रेघ गेली. हा तपशील छोटा असला, तरी हे काम तिने स्वतः केल्याची याहून चांगली खूण नाही.

निकाल: सरासरी फसवते

"गेम आता स्मूद चालतो" हा निकाल नाही, ते मत झालं. इथे सरासरीही उपयोगाची नाही. आधी सेकंदाला सरासरी 58 फ्रेम होत्या, नंतर 60 झाल्या. ऐकणाऱ्याला वाटेल, एवढ्यासाठी इतका खटाटोप? खेळणाऱ्याला जाणवतो तो मध्येच बसणारा झटका. म्हणून सर्वात वाईट फ्रेमचा आकडा सांगायचा: आधी 68 मिलिसेकंद, नंतर 15.

आकड्यासोबत तो कसा मोजला हेही सांगावं लागतं. तोच फोन, तीच लेव्हल, तेवढाच वेळ. लॅपटॉपवर युनिटीच्या आत मोजलेले आकडे फोनबद्दल फारसं सांगत नाहीत.

मर्यादाही सांगायच्या. तिची चाचणी एकाच फोनवर झाली होती आणि लपवून ठेवलेल्या गोळ्या मेमरी अडवून ठेवतात. डाऊनलोड 30 असतील, तर 30च सांगायचे.

सगळं मिळून उत्तर कसं होईल?

"हा मी एकटीने केलेला स्पेस शूटर आहे. चित्रं मोफत संग्रहातली, यान हलवण्याचा कोड ट्युटोरियलमधला. शत्रू आणि गोळ्यांची यंत्रणा माझी. जुन्या फोनवर गेम अडखळत होता. आधी चित्रांवर संशय घेतला, तो चुकला. प्रोफायलरमध्ये दिसलं की गोळ्या सतत तयार आणि नष्ट होत असल्याने मेमरी साफ करायला वेळ जातोय. मी पूलिंग केलं. त्याच फोनवर, त्याच लेव्हलमध्ये सर्वात वाईट फ्रेम 68 वरून 15 मिलिसेकंदांवर आली. दुसऱ्या फोनवर अजून तपासलेलं नाही."

हे मिनिटभरात सांगून होतं. पुढचे प्रश्न यातूनच निघतात. 40च गोळ्या का? कारण एका वेळी पडद्यावर जास्तीत जास्त 32 दिसल्या. त्या संपल्या तर? नवी तयार होऊन साठ्यात जाते. युनिटीत 2021पासून तयार `ObjectPool` आहे, तो का नाही वापरला? माहीत नव्हता, असं उत्तर असेल तर तेच द्यायचं.

आधी मोजलंच नसेल तर?

बऱ्याच जणांचं असंच होतं. दुरुस्ती होते, पण आधीचा आकडा कुठेच लिहिलेला नसतो. कोड गिटमध्ये ठेवला असेल, तर दुरुस्तीच्या आधीची आवृत्ती बाहेर काढून, फोनवर टाकून ती आजही मोजता येते. एका संध्याकाळचं काम आहे, फक्त ते मुलाखतीच्या आधी करायला हवं. आणि जुनी आवृत्ती उरलीच नसेल, तर आकडा अंदाजाने सांगू नये. काय दिसत होतं आणि आता काय दिसतं, एवढंच सांगावं.