समीकरण न सोडवता लोलक थांबवणं

दांडीच्या टोकाला गोळा लावून ती खिळ्यावर टांगली आणि बाजूला ओढून सोडली, की गोळा हेलकावे खातो. हवेशी आणि खिळ्याशी होणाऱ्या घर्षणाने हेलकावे लहान होत जातात आणि शेवटी लोलक खाली सरळ येऊन थांबतो. हे कुणीही पाहिलेलं असतं. पण तो थांबणारच, हे सिद्ध करायला सांगितलं तर काम वाटतं तितकं सोपं नाही.

उभ्या रेषेपासूनचा कोन θ आणि तो बदलण्याचा वेग ω धरू. एककं आणि घर्षणाचं प्रमाण अशी निवडू की दांडीची लांबी, गुरुत्वाकर्षण आणि घर्षण यांचे सगळे आकडे 1 होतील. मग लोलकाची चाल दोन ओळींत मावते:

θ′ = ω
ω′ = −sin θ − ω

अक्षरावरची टिंब-रेघ म्हणजे त्या राशीच्या बदलाचा वेग. दुसऱ्या ओळीतल्या sin θ मुळे ही प्रणाली अरेषीय होते, म्हणजे कोन दुप्पट केला की खाली ओढणारं बल दुप्पट होत नाही. या जोडीचं उत्तर आपल्या ओळखीच्या फलनांत लिहून दाखवता येत नाही. संगणकावर चाल काढता येते, पण प्रत्येक वेळी एकाच सुरुवातीपासून. सुरुवाती अगणित असतात, त्यामुळे हजार वेळा लोलक थांबताना दिसला तरी ती सिद्धता होत नाही.

sin θ च्या जागी नुसता θ घेऊन काम भागवण्याची जुनी रीत आहे. लहान कोनांपुरती ती बरोबर उत्तर देते, पण ‘लहान’ म्हणजे किती, हे सांगत नाही.

रशियन गणिती अलेक्सांद्र लियापुनोव यांनी 1892च्या आपल्या प्रबंधात वेगळा रस्ता दाखवला. लोलक केव्हा कुठे असेल हे शोधतच बसायचं नाही. त्याऐवजी θ आणि ω यांच्यापासून एक संख्या बनवायची, तिला V म्हणू. समतोलाच्या जागी, म्हणजे θ = 0, ω = 0 असताना, V शून्य हवी आणि आसपास इतर सगळीकडे शून्याहून मोठी हवी. प्रणाली चालू असताना ती कधी वाढता कामा नये. एवढं जमलं तर समतोल स्थिर ठरतो: जवळून सुरुवात केली तर लोलक जवळच राहतो. समतोल सोडून सर्वत्र V सतत घटतच असेल, तर लोलक नुसता जवळ राहत नाही, समतोलाकडेच जातो. V चा आलेख वाटीसारखा असतो असं समजा. चाल कशीही वेडीवाकडी असली, तरी जी काठाकडे कधी चढतच नाही ती वाटीबाहेर कशी जाईल?

V वाढते की घटते हे उत्तर माहीत नसताना कसं कळणार, हा प्रश्न नव्याने शिकणाऱ्याला पडतोच, आणि पडायलाच हवा. V च्या बदलाचा वेग काढताना त्यात θ′ आणि ω′ येतात. ते तर वरच्या दोन ओळींनी दिलेलेच आहेत. ते तिथे भरायचे, की झालं.

लोलकासाठी पहिला उमेदवार सहज सुचतो, तो म्हणजे त्याची ऊर्जा:

E = ω²/2 + (1 − cos θ)

पहिला भाग गतीचा, दुसरा उंचीचा. θ = 0 आणि ω = 0 असताना E शून्य आहे, आसपास धन आहे. आता वेग काढू:

E′ = ω·ω′ + sin θ·θ′ = ω(−sin θ − ω) + ω sin θ = −ω²

sin θ ची दोन पदं एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो −ω², जो कधीच धन नसतो. म्हणजे समतोल स्थिर आहे, हे एका ओळीत सिद्ध झालं.

पण लोलक थांबतो हे अजून सिद्ध झालेलं नाही, आणि बरेच विद्यार्थी नेमके इथेच घाईने पुढे निघून जातात. हेलकाव्याच्या टोकाला लोलक क्षणभर थबकतो. तिथे θ शून्य नसतो, पण ω शून्य असतो, म्हणून E′ ही शून्य. ऊर्जा समतोलाबाहेर सतत घटतेच, असं म्हणता येत नाही. ही तांत्रिक कुरबुर वाटेल, पण घर्षण पूर्ण काढून टाकलं तर E′ सर्वत्र शून्य होतो आणि लोलक कायम हेलकावत राहतो. तोही स्थिरच, पण कधी न थांबणारा. म्हणून ‘स्थिर’ आणि ‘थांबणारा’ हे वेगळे ठेवावेच लागतात.

अडचण दोन प्रकारे सुटते. पहिला प्रकार बार्बाशिन आणि क्रासोव्स्की यांनी 1952मध्ये मांडला, आणि अमेरिकेत लासाल यांनी 1960मध्ये त्याला व्यापक रूप दिलं. ऊर्जा जिथे घटत नाही तिथे लोलक मुक्काम करू शकतो का, एवढंच विचारायचं. ω शून्यच राहायचा असेल तर ω′ ही शून्य हवा, म्हणजे दुसऱ्या ओळीप्रमाणे sin θ शून्य हवा. लोलक उलटा उभा राहण्याची जागा वगळली, तर उरतो फक्त θ = 0. टोकाला तो थबकतो, पण राहू शकत नाही, म्हणून शेवटी समतोलालाच येतो.

दुसरा प्रकार म्हणजे V च सुधारायची. ऊर्जेच्या ω²/2 या पदाशी थोडा θ मिसळून बघू:

V = (1 − cos θ) + ¼(θ + ω)² + ¼ω²

वर्ग कधी ऋण नसतात, त्यामुळे V धन आहे हे नजरेनेच कळतं. आकडेमोड केली की मिळतं

V′ = −½ω² − ½θ sin θ

आता टोकाला ω शून्य झाला तरी θ sin θ हे पद V ला खाली ओढतं. कोन −π आणि π यांच्या मध्ये असेपर्यंत ते धनच असतं. कागद-पेन्सिल घेऊन हे एकदा स्वतः करून पाहावं. θω ची पदं उडताना दिसली, की ती V का निवडली हे आपोआप कळतं.

मघाचा ‘लहान म्हणजे किती’ हा प्रश्नही इथे सुटतो. लोलक उलटा उभा केला तर E = 2. सुरुवातीची ऊर्जा 2 हून कमी असेल आणि कोन ±π च्या आत असेल, तर ऊर्जा वाढत नसल्याने लोलक माथ्यावरून पलीकडे जाऊच शकत नाही. तळाशी असलेल्या लोलकाला 1.9 वेगाचा धक्का दिला तर E = 1.805, म्हणजे तो खात्रीने परततो. इथे एक चूक नेहमी होते. V′ ऋण आहे तेवढा सगळा प्रदेश सुरक्षित मानला जातो. तसं नसतं. त्या प्रदेशात पूर्ण मावणारी, V ची एकाच किमतीची बंद रेषा सापडावी लागते, आणि हमी फक्त तिच्या आतल्या भागाची मिळते.

धक्का 2.1 वेगाचा दिला तर E = 2.205 होते आणि हमी संपते. घर्षण वाटेतच बरीच ऊर्जा खातं, त्यामुळे हा लोलकही प्रत्यक्षात परततो, पण आपली सिद्धता त्याच्याबद्दल गप्प राहते. अशी V सापडली तर स्थैर्य पक्कं, पण नाही सापडली म्हणून प्रणाली अस्थिर ठरत नाही. कदाचित आपण चुकीच्या V मागे लागलो असू.

V शोधण्याची हमखास कृती नाही. यंत्रात ऊर्जेपासून सुरुवात करावी, हे जाणकारांचं पहिलं सांगणं असतं. समीकरणांत फक्त बहुपदी असतील तर संगणकाची मदत होते. 2000च्या आपल्या प्रबंधात पाब्लो पारिलो यांनी दाखवलं, की V आणि −V′ या दोन्ही वर्गांच्या बेरजा असाव्यात एवढी अट घातली, तर त्यांचे सहगुणक संगणक शोधू शकतो. वर आपण ¼(θ + ω)² + ¼ω² लिहिलं तेव्हा हाताने तेच केलं होतं. लोलकात मात्र sin θ आडवा येतो, म्हणून आधी sin θ आणि cos θ यांनाच दोन नवी चलं मानून, त्यांच्या वर्गांची बेरीज 1 ही अट सोबत ठेवून समीकरणं पुन्हा लिहावी लागतात.