पार्सल नेमके कुठे पोहोचले?

वाटेत असलेल्या पार्सलांची स्थिती दुकानदाराचा सर्व्हर कुरिअर कंपनीकडे ठरावीक वेळाने, समजा दर तासाला, विचारतो. पोहोचलेली पार्सले या यादीतून वगळलेली असतात. खरी कसोटी उत्तर आल्यावर लागते. पुण्याहून रत्नागिरीला निघालेल्या पार्सलचे उत्तर सकाळी ‘In Transit’ येते आणि दुपारी ‘IN TRANSIT’. सोबतची वेळही बदललेली असते. संपूर्ण उत्तराची तुलना केली, तर ग्राहकाला विनाकारण दुसरा संदेश जातो. म्हणून आधी दोन्ही उत्तरांना ‘वाटेत’ असे एकच नाव द्यावे आणि ते शेवटच्या नोंदीशी ताडून पाहावे. ‘वितरणासाठी निघाले’ यानंतर उशिरा आलेली जुनी ‘वाटेत’ नोंद मात्र स्कॅनची वेळ पाहून सोडून द्यावी लागते.