अटॅच्ड बाथरूम चेंबरपासून मोजा

मामींना चौऱ्याहत्तरावं लागलं आणि गुडघे इतके धरू लागले, की रात्री मागच्या अंगणातून संडासापर्यंत जाणं त्यांना नकोसं व्हायला लागलं. एकदा अंधारात तोल गेला. नशिबाने भिंत हाताशी होती. दुसऱ्याच दिवशी मामांनी ठरवलं की झोपण्याच्या खोलीतच संडास-बाथरूम काढायचं. घरांची कामं मी रोज बघतो, म्हणून मला बोलावणं आलं.

मी पोचलो तेव्हा मिस्त्रींनी बारा बाय चौदाच्या खोलीत खडूने चौकोन आखून ठेवला होता, हॉलच्या भिंतीला लागून. ‘‘पाण्याची लाईन इथनंच जाते, पाइप कमी लागतो,’’ त्यांनी सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण पाण्याच्या नळीला दाब असतो, ती वर चढवता येते, वळवता येते. सांडपाणी मात्र फक्त उतारानेच जातं. त्या कोपऱ्यातून मैल्याचा पाइप बाहेर काढायचा तर सगळी खोली उकरावी लागली असती, आणि पुढे कधी तुंबला तर पलंगाखालची फरशी फोडावी लागली असती. आम्ही चौकोन पुसला आणि आधी अंगणातलं चेंबर उघडायला गेलो.

घराच्या जवळ, आठ फुटांवर, स्वयंपाकघराच्या मोरीचं एक चेंबर होतं. तिथे जोडायचा मोह कुणालाही होतो. पण त्यातून पुढे जाणारा पाइप तीन इंची होता. संडासाचा पाइप चार इंची, म्हणजे बाजारात ज्याला ११० एमएम म्हणतात तो, असावा लागतो आणि पुढे कुठेही तो लहान पाइपात सोडायचा नसतो. शिवाय ते चेंबर जेमतेम पाच इंच खोल होतं. खरं चेंबर होतं ते जुन्या संडासाजवळचं. त्याचा तळ जमिनीपासून अठरा इंच खाली होता आणि तिथून गावाच्या भुयारी गटाराला लाईन जात होती.

आता हिशेब. चार इंची पाइपाला चाळीसास एक उतार देतात, म्हणजे चाळीस इंच पुढे गेल्यावर एक इंच खाली. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीपासून त्या चेंबरपर्यंत तीस फूट, म्हणजे ३६० इंच भरले. त्याला चाळिसाने भागलं की नऊ इंच उतार हवा. चेंबरच्या तळापेक्षा दोन इंच वर, म्हणजे जमिनीखाली सोळा इंचांवर पाइप जोडला, तर भिंतीजवळ तो सात इंचांवर सुरू होतो. घराचं दगडी जोतं अठरा इंचांचं, म्हणजे खोलीच्या फरशीपासून पाइपापर्यंत पंचवीस इंच हाताशी होते. गणित बसलं. म्हणून बाथरूम पश्चिमेच्या कोपऱ्यात घेतलं, साडेचार बाय सात फुटांचं. हेच चेंबर साठ फुटांवर असतं तर अठरा इंच उतार लागला असता आणि पाइपाचं सुरुवातीचं टोक जमिनीच्या वर आलं असतं. मग जागा तरी बदलावी लागली असती किंवा चेंबर तरी खोल करावं लागलं असतं. तुमच्याकडे सेप्टिक टँक असेल तर टँकमध्ये पाइप जिथे शिरतो, ती उंची धरून हाच हिशेब मांडा.

बाहेरची भिंत मिळाल्याचा मोठा फायदा कमोडला झाला. पी-ट्रॅपच्या कमोडचं तोंड मागच्या बाजूला, पक्क्या फरशीपासून सुमारे सात इंच वर असतं. त्यामुळे पाइप भिंतीतून सरळ बाहेर काढून तिथेच खाली उतरवता आला. कमोडसाठी घरातली जमीन उकरावीच लागली नाही. जपायचं ते एवढंच, की ही उंची टाइल बसल्यानंतरच्या फरशीपासून मोजायची. कच्च्या जमिनीपासून मोजली की भोक खाली पडतं आणि कमोड जुळत नाही.

अंघोळीच्या पाण्यासाठी मुरुमाची भर उकरून नहाणी ट्रॅप बसवला. त्याचा तीन इंची पाइप जोत्यातून काढून बाहेर गली ट्रॅपमध्ये सोडला आणि तिथून भिंतीलगतच्या नव्या चेंबरमध्ये. नहाणी ट्रॅप घेताना त्यात निदान दोन इंच पाणी राहतं ना, हे बघा. गटाराची घाण घरात येऊ न देणारा पडदा तेवढाच असतो. उथळ ट्रॅपमधलं पाणी चार दिवसांत आटतं आणि वास सुरू होतो.

चर बुजवायच्या आधी मी मिस्त्रींना एका चेंबरमध्ये आरसा तिरका धरायला लावला आणि दुसऱ्या टोकाला बॅटरी धरली. पाइप सरळ असेल तर आरशात उजेडाचा पूर्ण गोल दिसतो. आम्हाला दिसला तो खालून कापलेला. मधल्या एका जोडाखाली माती बसली होती आणि पाइपाला झोळ आला होता. अशा झोळात पाणी साठतं, मैला तिथेच बसतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी तुंबायला लागतं. माती ठोकून, खाली वाळू भरून पाइप उचलला, मग गोल पुरा झाला. सुरुवातीला पाइपावर माती तीनच इंच येत होती आणि तिथूनच मामांची स्कूटर जाते, म्हणून तेवढ्या भागाला वरून काँक्रीट केलं.

आतल्या फरशीचा उतार वेगळा. तिथे ऐंशीस एक पुरतो, म्हणजे सात फुटांत इंचभर. हा उतार टाइलखालच्या कोब्यापासूनच हवा. कोबा सपाट ठेवून नुसता टाइलला उतार दिला तर सांध्यातून झिरपलेलं पाणी खालीच साठतं आणि बाहेरच्या खोलीच्या भिंतीला ओल येते. वॉटरप्रूफिंग झाल्यावर ट्रॅपचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवलं, खडूची खूण केली, पाणी उतरतं का पाहिलं आणि मगच टाइल लावली. टाइल एक बाय एक फुटाची, खरबरीत. मोठ्या टाइलला चारही बाजूंनी ट्रॅपकडे उतार देता येत नाही. मामींचा पाय अडखळू नये म्हणून उंबरा उंच केला नाही. बाथरूमच खोलीपेक्षा इंचभर खाली घेतलं.

हवेची सोय दोन ठिकाणी लागते, आणि त्यातली एक हमखास राहून जाते. फ्लशचं पाणी एकदम पाइपातून पडलं की मागे हवा ओढली जाते. ती यायला वाट नसेल तर कमोडमधलं पाणीच ओढलं जातं, गुडगुड आवाज होतो आणि भांड्यातली पातळी खाली जाते. असा आवाज येऊ लागला तर समजा व्हेंट नाही किंवा बुजलाय. आम्ही भिंतीबाहेरच्या उभ्या पाइपाला टी लावून तोच पाइप गच्चीच्या वर नेला आणि तोंडाला जाळीची टोपी बसवली.

दुसरी हवा माणसाची. राष्ट्रीय बांधकाम संहितेत बाथरूमच्या खिडकीला किमान ०.३७ चौरस मीटर सांगितलं आहे, म्हणजे साधारण दोन बाय दोन फूट. आम्ही तेवढीच काचपट्ट्यांची खिडकी बाहेरच्या भिंतीत उंचावर घेतली. खोलीची स्वतःची खिडकी दक्षिणेला होती, ती वाचली. कोपरा निवडताना हे जरूर पाहा, नाहीतर बाथरूमला हवा मिळते आणि झोपायची खोली कोंदट होते. एक्झॉस्ट फॅनही बसवला, पण दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट ठेवून. खिडकी बंद असताना हवा आत यायला जागाच नसेल तर फॅन नुसता फिरतो. मामांचा जुना गॅस गिझर आत लावायला मात्र मी साफ नाही म्हटलं. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि अंघोळ करणाऱ्या माणसाचा त्यात जीव जातो. त्याऐवजी विजेचा गिझर घेतला.

फ्लॅटमध्ये यातलं बरंचसं जमत नाही. तिथे आपली फरशी म्हणजे खालच्याचं छत. ते उकरता येत नाही, उतारासाठी फरशीच उचलावी लागते, वजन वाढतं, आणि गळती झाली तर ती खालच्या घरातल्या पलंगावर. सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची पाहणी झाल्याशिवाय तिथे छिन्नी लावू नका.

काम तीन आठवडे चाललं. पहिल्या सकाळी मामींनी फ्लश केला तेव्हा मी अंगणातल्या जुन्या चेंबरचं झाकण उघडून बसलो होतो. पाणी आलं, चेंबरच्या अर्धगोल खाचेतून भरभर गेलं, आणि मागे काही राहिलं नाही.