साइटचे बिऱ्हाड आणि जुना पत्ता

२०२० च्या मध्यावर भारतातल्या असंख्य मराठी-हिंदी ब्लॉगांचे दुवे एकाएकी उघडेनासे झाले. लिहिणाऱ्यांनी काहीच बदलले नव्हते आणि लेखही जागच्या जागी होते. गेले होते ते फक्त blogspot.in हे नाव. २०१२ पासून भारतातून blogspot.com उघडणाऱ्या वाचकाला गूगल आपोआप .in वर नेऊ लागले. मग लोकांनी ब्राउझरच्या पट्टीतून तोच पत्ता उचलला आणि मित्रांना पाठवला, इतर साइटांवर डकवला. २०१८ मध्ये ही देशवार विभागणी बंद झाली, तरी जुने .in चे दुवे मूळ लेखापर्यंत पोचत होते. दोन वर्षांनी ते नावच गूगलच्या हातून निसटले आणि दुसऱ्या कंपनीकडे गेले. पत्त्यातले .in खोडून .com लिहिले की लेख पुन्हा दिसत असे. पण जुन्या दुव्यावर टिचकी मारणाऱ्या वाचकाला हे सांगणार कोण?

याच्या उलट उदाहरण ब्रिटनच्या ‘गार्डियन’चे. या वृत्तपत्राने जुलै २०१३ मध्ये guardian.co.uk सोडून theguardian.com हा पत्ता घेतला. त्याआधीच्या एखाद्या बातमीचा जुना दुवा उघडला, तर वाचक आजही नव्या जागी जाऊन पोचतो. नवे नाव विकत घेणे हे स्थलांतरातले सर्वांत सोपे काम आहे. खरी मेहनत असते ती जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला योग्य लेखापर्यंत नेण्याची.

हे प्रत्यक्षात कसे होते, ते एका कल्पित साइटवर पाहू. समजा, सह्याद्रीतल्या गडकोटांवर दहा वर्षे लिहिणारी gadvata.example नावाची साइट sahyagad.example वर जायची आहे. लेख सातशेच्या घरात आहेत. पहिला प्रश्न मुहूर्ताचा. गडांबद्दलचा शोध पावसाळ्यात वाढतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाचकांची रीघ लागलेली असते. त्यामुळे एप्रिल किंवा मे बरा. वाचक कमी असताना हलवले तर चूक झालीच तरी थोड्यांनाच जाचते आणि शोधयंत्रांनाही नवी जागा तपासायला उसंत मिळते.

त्यानंतर यादी. जुन्या साइटचा प्रत्येक पत्ता एका तक्त्यात डावीकडे आणि त्याचा नवा पत्ता उजवीकडे लिहायचा. साइटमॅपमधून सगळे लेख मिळतात, पण तेवढ्यावर भागत नाही. सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, लोक प्रत्यक्षात काय उघडतात ते दिसते. एखादा नकाशा, २०१४ ची एखादी पीडीएफ किंवा कुणीतरी थेट जोडलेला फोटो साइटमॅपमध्ये नसतो, पण रोज उघडला जात असतो. लेखांच्या पत्त्यांची रचना तीच ठेवून फक्त डोमेन बदलले, तर तक्ता जवळजवळ आपोआप तयार होतो. नवे नाव, नवी मांडणी आणि नवे विभाग हे सगळे एकाच दिवशी केले, तर पुढे वाचक घटल्यावर कारण कोणते हे शोधणे अवघड होऊन बसते.

मग येतो रीडायरेक्ट. वाचकाचा ब्राउझर जुन्या पत्त्यावर मागणी करतो. तिथला सर्व्हर पान देण्याऐवजी ‘हे आता तिकडे आहे’ एवढेच उत्तर देतो आणि ब्राउझर निमूटपणे तिकडे वळतो. या उत्तराला क्रमांक असतो. ३०१ म्हणजे कायमचे हलले, ३०२ म्हणजे तात्पुरते. स्थलांतरात ३०१ हवा, कारण जुन्याऐवजी नवा पत्ता यादीत घ्यायचा हे शोधयंत्राला त्यावरून कळते. अपाची सर्व्हरवर जुन्या डोमेनच्या `.htaccess` फाइलमध्ये एवढे पुरते:

```
RewriteEngine On
RewriteRule ^(.*)$ https://sahyagad.example/$1 [R=301,L]
```

जुन्या पत्त्यात डोमेननंतर जे काही असेल ते `$1` मध्ये तसेच पुढे जाते. राजगडाच्या लेखावर आलेला माणूस राजगडाच्याच लेखावर उतरतो. इथे बरेच जण आळस करतात आणि सगळेच जुने पत्ते नव्या मुखपृष्ठाकडे वळवतात. राजगडाची वाट शोधणाऱ्याला मुखपृष्ठ दाखवले की तो परत फिरतो. गूगलही अशा वळणाला ‘पान सापडले नाही’ याच खात्यात टाकते, म्हणजे त्या लेखाने दहा वर्षांत कमावलेली जागा जाते. ज्या लेखाला नव्या साइटवर जोडीदारच नाही, त्याच्यासाठी सरळ ४०४ किंवा ‘काढून टाकले’ सांगणारा ४१० देणे अधिक प्रामाणिक.

मराठी साइटांचा खास गोंधळ इथेच सुरू होतो. पत्त्यात देवनागरी असेल तर ती वाटेत चिन्हांमध्ये बदलते. ‘राजगड’ हा शब्द असा जातो:

```
%E0%A4%B0%E0%A4%BE%E0%A4%9C%E0%A4%97%E0%A4%A1
```

एका देवनागरी चिन्हाची नऊ अक्षरे होतात. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्याला दोनशे अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत जेमतेम बावीस चिन्हे. काना, मात्रा, वेलांटी ही सगळी वेगळी मोजली जात असल्याने लांब मथळ्याचा पत्ता मध्येच तुटलेला असतो. म्हणून मथळ्यावरून पत्ता बनवून तक्ता भरला की तो चुकतो. प्रत्यक्षात वापरात असलेला तुटका पत्ताच उचलावा लागतो. आणखी एक खोच अपाचीची आहे. तो नियम लावण्याआधी ही चिन्हे पुन्हा देवनागरीत उलगडतो. त्यामुळे एखाद्या लेखासाठी स्वतंत्र नियम लिहिताना `%E0%A4` चालत नाही, शब्द देवनागरीतच लिहावा लागतो. असा स्वतंत्र नियम सर्वसाधारण नियमाच्या वर ठेवायचा, नाहीतर त्याची पाळीच येत नाही.

याहून फसवा प्रकार ‘दऱ्या’ या शब्दाचा. त्यातला अर्धा र काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर घालून लिहितात, तर काही साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. सर्व्हरच्या दृष्टीने मात्र ते दोन वेगळे पत्ते आहेत. तक्त्यात एक प्रकार आणि जुन्या साइटवर दुसरा असेल, तर नियम डोळ्यांना बरोबर दिसतो आणि चालत मात्र नाही. उपाय साधा आहे. पत्ते हाताने टंकायचे नाहीत, जुन्या साइटवरून जसेच्या तसे उचलायचे.

खात्री करण्यासाठी ब्राउझरवर विसंबू नये, कारण तो एकदा पाहिलेला ३०१ लक्षात ठेवतो आणि दुरुस्तीनंतरही जुनेच वळण दाखवू शकतो. एक आज्ञा पुरते:

```
curl -I https://gadvata.example/2016/07/rajgad/
```

उत्तराच्या पहिल्या ओळीत 301 आणि खाली location पुढे नवा पत्ता दिसला पाहिजे. मग तोच नवा पत्ता तपासायचा. तिथे 200 आले की काम झाले. पुन्हा 301 आले तर साखळी तयार झाली आहे. http वरून https वर, तिथून www वर आणि शेवटी नव्या डोमेनवर असे टप्पे बऱ्याचदा नकळत साठतात. गूगलचा यंत्र-वाचक दहा टप्प्यांपर्यंत पाठपुरावा करतो, पण प्रत्येक टप्पा मोबाइलवरच्या वाचकाचा वेळ खातो. जुन्यापासून नव्यापर्यंत एकच उडी असावी.

वाचकांना आधी सांगणेही तितकेच गरजेचे. स्थलांतराच्या दोन-तीन आठवडे आधी साइटच्या माथ्यावर एक पट्टी पुरेशी असते: ‘५ मेपासून आमचा पत्ता sahyagad.example असा होईल. जुने दुवे चालू राहतील. ईमेलने लेख मिळणाऱ्यांनी काहीही करायची गरज नाही.’ तारीख, नवा पत्ता आणि वाचकाने काय करायचे, एवढेच. नंतर हीच सूचना नव्या साइटवर महिनाभर ठेवली म्हणजे अनोळखी नाव पाहून कुणी दचकत नाही. ‘काही करायची गरज नाही’ हे वाक्य खरे ठरावे म्हणून फीडचा पत्ताही वळवावा लागतो आणि फीडमधली प्रत्येक लेखाची ओळखखूण तीच ठेवावी लागते. ती बदलली तर वर्गणीदारांना जुने लेख नवे म्हणून एकगठ्ठा जाऊन पडतात.

स्थलांतराच्या दिवशी गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये जुन्या आणि नव्या दोन्ही डोमेनची मालकी सिद्ध करून पत्ता बदलल्याचे कळवायचे. त्यासाठी तिथे स्वतंत्र सोय आहे. त्यानंतरचे काम म्हणजे आठवड्यामागून आठवडे आकडे पाहणे. मध्यम आकाराच्या साइटची बहुतेक पाने नव्या पत्त्याने यादीत यायला काही आठवडे लागतात. जुन्या डोमेनची रेघ उतरते आणि नव्याची चढते. दोन्हींची बेरीज साधारण टिकली तर गाडी रुळावर आहे. सुरुवातीची थोडी घसरण नेहमीची. तुलना मात्र कालच्या दिवसाशी करू नये. गडांच्या साइटला शनिवार-रविवारचा भर असतो, म्हणून सोमवार सोमवारशी आणि मेचा दुसरा आठवडा गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहावा.

घसरण कुठली आहे यावरून दुखणे ओळखता येते. सगळेच लेख सारखे खाली आले आणि ४०४ वाढले नाहीत, तर थांबायचे. एकाच विभागाचे वाचक गायब झाले, तर त्या विभागाचा नियम चुकला आहे. लॉगमध्ये ४०४ ची उतरती यादी काढली की पहिल्या दहा ओळींत तो सापडतो. नवी पाने यादीतच येत नसतील, तर चाचणीच्या काळात शोधयंत्रांना घातलेली बंदी काढायची राहून गेली का, ते आधी पाहावे.

आणि तीन महिन्यांनी येणारा एक घोटाळा. जुन्या डोमेनवर आता पाने नाहीत म्हणून त्याच्या सुरक्षा-प्रमाणपत्राकडे कुणी पाहत नाही. लेट्स एन्क्रिप्टसारख्या सेवांचे मोफत प्रमाणपत्र नव्वद दिवसांत संपते. ते संपले की https चा जुना दुवा उघडणाऱ्याला रीडायरेक्ट मिळण्याआधीच ब्राउझरचा लाल इशारा दिसतो. नियम जागेवर असतो, तिथवर कुणी पोचत नाही. म्हणून प्रमाणपत्राचे आपोआप नूतनीकरण जुन्या डोमेनवरही चालू ठेवावे लागते.

हे सारे किती काळ? गूगलचा सल्ला निदान एक वर्षाचा, आणि जमेल तितका अधिक. शोधयंत्रापुरते ते ठीक आहे. वर्षानंतर लॉग उघडला की जुन्या पत्त्यावर अजून येणारे वाचक कुठून येतात ते दिसते. विकिपीडियावरचे संदर्भ आणि ओळखीच्या साइटांवरचे दुवे तिथे जाऊन किंवा पत्र लिहून बदलून घेता येतात. व्हॉट्सॲपवर फिरणारे निरोप, इतरांच्या पीडीएफ आणि छापील पुस्तकांच्या तळटिपा मात्र कुणालाच बदलता येत नाहीत. त्या आहेत तोवर gadvata.example चे वार्षिक शुल्क साइटच्या नेहमीच्या खर्चात धरावे लागते, आणि नूतनीकरणाची आठवण ज्या ईमेलवर येते तो ईमेल त्याच जुन्या डोमेनवरचा नाही ना, हेही पाहून ठेवावे लागते.