कुलपाच्या आतली यादी

भाडेकरू घर सोडून गेला की पूर्वीचा हिशेब सोपा होता. किल्ल्या मोजून घ्यायच्या आणि मनात शंका असेल तर लॅच बदलून टाकायचं. आता पुण्या-मुंबईच्या बऱ्याच फ्लॅटच्या दारावर डिजिटल कुलूप असतं आणि मालक नव्या भाडेकरूला फोनवर सांगतात, "काळजी करू नका, कोड बदललाय." दोघांचंही समाधान होतं. पण एवढ्यावर जुन्या माणसासाठी दार बंद झालेलं असतंच असं नाही.

याचं कारण कुलपाच्या रचनेत आहे. फ्लॅटला सर्रास बसवतात ते डिजिटल कुलूप साधारण पाच तऱ्हांनी उघडतं: आकड्यांचा कोड, बोटाचा ठसा, कार्ड किंवा टॅग, मोबाइलवरचं अ‍ॅप, आणि पुढच्या झाकणाखाली लपवलेली साधी किल्ली. या पाचही वाटा एकमेकींपासून स्वतंत्र असतात. कोड बदलल्याने ठसा पुसला जात नाही, ठसा पुसल्याने कार्ड बाद होत नाही, आणि किल्लीला तर इलेक्ट्रॉनिक भागात काय चाललंय याचा पत्ताच नसतो. या सगळ्यांच्या वर असतो मास्टर कोड. तो ज्याला माहीत आहे तो कधीही येऊन नवा कोड किंवा नवा ठसा घालू शकतो.

म्हणजे माणूस बदलला की कोणाकोणाला आत सोडायचं याची जी यादी कुलपाच्या आत साठलेली आहे, ती बदलावी लागते. गंमत अशी की ही यादी बहुतेक घरांत कोणी लिहून ठेवलेली नसते. नुसत्या कीपॅडच्या कुलपात नावं नसतातच, फक्त क्रमांक असतात. पहिला ठसा 001, दुसरा 002. 004 म्हणजे स्वयंपाकाच्या ताई की गावाहून आलेल्या सासूबाई, हे कुलूप सांगू शकत नाही.

एक उदाहरण घेऊ. बाणेरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, मालकीणबाई ठाण्यात राहतात. दोन वर्षं राहिलेलं जोडपं आता घर सोडतंय. कुलूप ब्लूटूथचं आहे, वाय-फाय नाही. ते बसवलं तेव्हा ठसे घालता यावेत म्हणून मालकीणबाईंनी मास्टर कोड भाडेकरूला सांगून टाकला होता. दोन वर्षांत कुलपात काय साठलं? सहा आकडी एकच कोड, जो दोघांना, धुण्याभांड्याच्या मावशींना, स्वयंपाकाच्या ताईंना आणि एकदा येऊन गेलेल्या सुताराला माहीत आहे. घरच्यांचे आणि पाहुण्यांचे मिळून सात ठसे. दोन कार्डं, त्यांतलं एक कुठे गेलं ते कोणाला आठवत नाही. अ‍ॅपचं मुख्य खातं भाडेकरूच्या फोनवर. दोन किल्ल्या, एक इकडे आणि एक ठाण्याला.

मालकीणबाईंनी इथे फक्त तो सहा आकडी कोड बदलला, तर सुतार आणि मावशी बाहेर राहतील. पण सात ठसे, दोन कार्डं, एक फोन आणि एक किल्ली यांना दार उघडंच राहील. शिवाय मास्टर कोड जुन्याच माणसाजवळ असल्यामुळे नवा कोडही टिकेल याची खात्री नाही.

म्हणून साफसफाई वरून खाली करायची. सुरुवात अ‍ॅपपासून, आणि तीही जुना भाडेकरू समोर असताना. त्याने स्वतःच्या फोनवरून ते कुलूप खात्यातून काढून टाकायला हवं. बऱ्याच कुलपांची गाठ कंपनीच्या सर्व्हरवर त्या खात्याशी बांधलेली असते. माणूस निघून गेल्यावर कुलूप रिसेट केलं तरी ते दुसऱ्या फोनला जोडून घेत नाही आणि मग कंपनीकडे खरेदीची पावती दाखवत बसावं लागतं. चावी घेऊन डिपॉझिट परत करायच्या आधी हे काम दोन मिनिटांत होतं. नंतर तेच महिनाभर रेंगाळतं.

त्यानंतर फॅक्टरी रिसेट. हे बटण बहुधा दाराच्या आतल्या बाजूला, बॅटऱ्यांच्या झाकणाखाली असतं. दार उघडं ठेवूनच ते दाबायचं. काही चुकलं तर निदान आपण बाहेर अडकत नाही. रिसेट झाल्यावर सगळे कोड, ठसे आणि कार्डं पुसली जातात, पण नेमक्या याच क्षणी कुलूप सर्वांत कच्चं असतं. अनेक कुलपं कोऱ्या अवस्थेत 123456 सारख्या कंपनीच्या कोडवर उघडतात, काही तर कोणाचंही बोट लावलं तरी उघडतात. नवा भाडेकरू आठवड्याने येणार आहे म्हणून कुलूप तसंच कोरं सोडून कुलूपबंद घराचं समाधान मानणं धोक्याचं आहे. रिसेटनंतर लगेच नवा मास्टर कोड घालायलाच हवा.

राहिली किल्ली. तिच्यावर रिसेटचा काही परिणाम होत नाही. दोन्ही किल्ल्या हाती आल्या तरी तिसरी बनवलेली नाही हे कोण सांगणार? ज्या कुलपात किल्लीचं सिलिंडर वेगळं काढता येतं, तिथे ते बदलून घ्यावं. नसेल तर निदान भाडेकरूकडून किल्ल्या परत मिळाल्याचं लिहून घ्यावं आणि आतून लावायची वेगळी कडी भक्कम आहे ना, ते पाहावं.

शेवटी परीक्षा. दार उघडं ठेवून बोल्ट बाहेर काढायचा आणि जुना कोड, जुनं कार्ड, जुन्या भाडेकरूचं बोट एकेक करून लावून पाहायचं. प्रत्येक वेळी नकार आला पाहिजे. या परीक्षेला जुना भाडेकरू हजर असला तर उत्तम, कारण पुढे काही घडलं तर त्याच्याकडेही दाखवायला हे असतं की त्या दिवसापासून आपल्याला दार उघडता येत नव्हतं.

आता प्रश्न उरतो की नवा मास्टर कोड कोणाकडे ठेवायचा. बरेच मालक तो आणि अ‍ॅपचं खातं स्वतःकडे ठेवतात. वाय-फायचं कुलूप असेल तर अशा मालकाला ठाण्यात बसून बाणेरचं दार उघडता येतं आणि भाडेकरू रात्री किती वाजता घरी आला हेही दिसतं. माझ्या मते हे चूक आहे. करार चालू असेपर्यंत ते भाडेकरूचं राहतं घर आहे आणि त्याच्या येण्या-जाण्याची वही मालकाच्या खिशात असू नये. मास्टर कोड आणि अ‍ॅप भाडेकरूकडे द्यावं. मालकाचं यात काही जात नाही. रिसेटचं बटण दाराच्या आत आहे, करार संपताना भाडेकरूने कुलूप खात्यातून काढून दिलं आणि घराचा ताबा मिळाला की कुलूप पुन्हा त्याचंच होतं.

घरकामाला येणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे घर तेच राहतं आणि एकच माणूस बदलतो. दर वेळी सगळं रिसेट करायचं तर घरातल्या आजी-आजोबांना पुन्हा ठसे द्यावे लागतात, मुलांना नवा कोड पाठ करावा लागतो. म्हणून मावशी काम सोडून गेल्या तरी कोड "पुढच्या रविवारी बदलू" म्हणून तसाच राहतो. यावर उपाय सुरुवातीलाच करायचा असतो: प्रत्येक माणसाला स्वतःचा कोड. मावशींचा वेगळा, ताईंचा वेगळा, घरच्यांचा वेगळा. आणि बॅटरीच्या पावतीसोबत एका कागदावर, 003 मावशी, 004 ताई, तारखेसह. मावशी गेल्या की फक्त 003 पुसायचा. बाकी कोणाला कळतही नाही.

सोय असेल तर या कोडला वेळेची चौकट घालावी, सोमवार ते शनिवार, सकाळी आठ ते दहा. मात्र काही कुलपांत बॅटऱ्या बदलल्या की आतलं घड्याळ चुकतं आणि मग बिचाऱ्या मावशी साडेआठला दारात उभ्या राहतात. बॅटऱ्या बदलल्यावर अ‍ॅपवरून वेळ जुळवून घ्यावी.

ब्लूटूथच्या कुलपाची आणखी एक मर्यादा लोकांच्या लक्षात येत नाही. ऑफिसात बसून अ‍ॅपमध्ये "डिलीट" केलं, तरी तो निरोप कुलपापर्यंत पोचायला फोन दारापासून काही मीटरांत असावा लागतो. तोवर जुना कोड चालूच असतो. काही अ‍ॅप मुदतीचे कोड देतात, जे इंटरनेट नसलेल्या कुलपावरही चालतात. फोन आणि कुलूप दोघेही एकाच गुप्त सूत्राने आणि घड्याळाने तो कोड मोजतात, म्हणून आधी कळवावं लागत नाही. पण म्हणूनच दिलेला कोड लांबून परत घेता येत नाही, मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. सुताराला असा कोड द्यायचा तर दोन तासांचा द्यावा, महिन्याचा नाही.

जुना कोड वर्षानुवर्षं तसाच राहिला की काचेवरही खुणा उमटतात. तिरपा उजेड पाडून पाहिलं की चार आकड्यांवरच तेलकट डाग दिसतात. चार आकडी कोड दहा हजारांपैकी कोणताही असू शकतो, पण आकडे कोणते ते कळलं की त्यांच्या मांडण्या उरतात फक्त 24. पाच चुकांनंतर कुलूप पाच मिनिटं अडून बसत असलं, तरी सगळ्या मांडण्या पुऱ्या व्हायला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं लागतील. नवा कोड ठेवताना निदान दोन आकडे नवे घ्यावेत आणि काच पुसून काढावी. अनेक कुलपं खऱ्या कोडच्या आधी आणि नंतर फालतू आकडे दाबू देतात. पाहणाऱ्याला कोड कळत नाही आणि डागही सगळीकडे पसरतात.

कोड पुसताना त्या बाईंना तसं सांगावं. "तुमचा कोड आजपासून बंद केलाय" हे तोंडावर सांगण्यात अविश्वास नाही. काम सोडून गेलेल्या बाईंच्या नावावर पुढच्या चोरीचा संशय सर्वांत आधी येतो आणि त्यांच्या हातात बचावाला काही नसतं. कोड त्या तारखेला बंद झाला होता ही नोंद त्यांचीही ढाल आहे. सगळ्यांचा एकच कोड असलेल्या घरात ही ढाल कोणालाच मिळत नाही, कारण कुलपाच्या नोंदीत कोड दिसतो, माणूस दिसत नाही. सोसायटीच्या गेटवरच्या अ‍ॅपमधली त्यांची नोंद वेगळी असते. आपल्या फ्लॅटपुढून तीही काढायला हवी.

भाडेकरारासोबत फर्निचरची, पंख्यांची आणि गीझरची यादी जोडतात, त्यातच कुलपाचीही चार ओळींची भर घालावी: मास्टर कोड कोणाकडे, अ‍ॅप कोणाच्या खात्यावर, किल्ल्या आणि कार्डं किती, आणि घर सोडताना कुलूप खात्यातून काढून रिसेट करून द्यायची जबाबदारी कोणाची. करार नोंदवायला बसता तेव्हा हे लिहायला पाच मिनिटं लागतात. तेवढं केलं की घर सोडायच्या दिवशी दोघांनाही काय करायचं ते ठाऊक असतं आणि "कोड बदललाय" या एका वाक्यावर कोणाला झोपावं लागत नाही.