कंपनीचा पत्ता बदलतो तेव्हा

व्यक्तीने घर बदलले तर टपाल काही दिवस जुन्या दारी येत राहते, एवढीच अडचण होते. कंपनीच्या बाबतीत मात्र पत्त्याला कायदेशीर अर्थ आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १२ नुसार प्रत्येक कंपनीचे एक नोंदणीकृत कार्यालय असावे लागते आणि तेथे पत्रे व नोटिसा स्वीकारण्याची व त्यांची पोच देण्याची व्यवस्था असावी लागते. या पत्त्यावर पाठविलेली नोटीस कंपनीला मिळाली असे कायदा सामान्यतः धरून चालतो. कार्यालय प्रत्यक्षात हलले, पण नोंद जुनीच राहिली, तर नोटीस बंद दारावर पोचते आणि उत्तराची मुदत मात्र सुरू होते.

या विषयातील गोंधळाचे मूळ एका गोष्टीत आहे. कंपनीचा पत्ता एकाच ठिकाणी नोंदविलेला नसतो. कंपनी निबंधकाकडे ‘नोंदणीकृत कार्यालय’ असते, वस्तू व सेवा कराच्या नोंदणीत ‘व्यवसायाचे मुख्य ठिकाण’ असते, आयकर विभागाकडे पॅनशी जोडलेला पत्ता असतो आणि बँकेकडे ग्राहक-ओळखीच्या कागदपत्रांतील पत्ता असतो. एका ठिकाणची नोंद बदलली म्हणून दुसरीकडची आपोआप बदलत नाही. शिवाय नोंदणीकृत कार्यालय आणि व्यवसायाचे मुख्य ठिकाण एकच असले पाहिजे, असेही बंधन नाही.

बदलाचे चार प्रकार

कार्यालय किती दूर जाते, यावर कंपनी कायद्यातील कार्यपद्धती ठरते. त्याच शहराच्या, नगराच्या किंवा गावाच्या हद्दीत बदल असेल तर संचालक मंडळाचा ठराव पुरतो. ही हद्द ओलांडायची असेल तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. म्हणजे बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. काही राज्यांत एकाहून अधिक कंपनी निबंधक आहेत. तेथे एका निबंधकाच्या अधिकारक्षेत्रातून दुसऱ्याच्या क्षेत्रात जाताना विशेष ठरावाबरोबर प्रादेशिक संचालकांची मान्यताही घ्यावी लागते. चौथा प्रकार परराज्यात जाण्याचा. कंपनीच्या संस्थापन लेखात कार्यालयाचा पूर्ण पत्ता नसतो, फक्त राज्याचे नाव असते. म्हणून राज्यांतर्गत बदलात हा लेख तसाच राहतो; राज्य बदलले की तो दुरुस्त करावा लागतो आणि त्यासाठी कलम १३ लागू होते.

एक उदाहरण

समजा, सुरत येथील एका लहान खासगी कंपनीला १ जुलैपासून आपले नोंदणीकृत कार्यालय आणि व्यवसाय दोन्ही वडोदरा येथे न्यावयाचे आहेत. दोन्ही शहरे अहमदाबाद येथील कंपनी निबंधकाच्या क्षेत्रात येतात. त्यामुळे विशेष ठराव लागेल, पण प्रादेशिक संचालकांकडे जावे लागणार नाही. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण २१ दिवस आधी द्यावी लागते. नोटीस पाठविल्याचा आणि सभेचा दिवस यांत धरत नाहीत. संचालक मंडळाने २ जूनला बैठक घेऊन ३ जूनला ई-मेलने नोटीस पाठविली, तर सभा २५ जूनला घेता येईल.

सभेत विशेष ठराव झाल्यावर तो ३० दिवसांत, म्हणजे २५ जुलैपर्यंत, एमजीटी-१४ या नमुन्यात निबंधकाकडे दाखल करावा लागतो. प्रत्यक्ष पत्ताबदलाची सूचना आयएनसी-२२ या नमुन्यात द्यावयाची असते. तिची मुदत बदलाच्या तारखेपासून ३० दिवस, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, आहे. सोबत जागेच्या मालकीचा दस्तऐवज किंवा भाडेकरार, दोन महिन्यांपेक्षा जुने नसलेले वीज वा तत्सम सेवेचे देयक आणि जागा वापरण्यास मालकाची संमती जोडतात. भाडेकरार संचालकाच्या वैयक्तिक नावाने केला आणि मालकाच्या संमतिपत्रात कंपनीचा उल्लेखच नसला, तर अर्ज परत येण्याचा संभव असतो.

येथे एक चूक सहज होते. निबंधकाकडील काम पूर्ण झाल्यावरच कराच्या नोंदीकडे वळावे, असे अनेकांना वाटते. परंतु केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमांतील नियम १९ नुसार दुरुस्तीचा अर्ज बदलापासून १५ दिवसांतच करावयाचा आहे. उदाहरणातील कंपनीसाठी ही तारीख १६ जुलै आहे. म्हणजे सर्वांत शेवटी हाती घेतल्या जाणाऱ्या कामाची मुदत सर्वांत आधी संपते. भाडेकरार, वीजदेयक आणि संमतिपत्र तयार असल्याने दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात करणे शक्य असते. हा अर्ज आरईजी-१४ या नमुन्यात असतो आणि मुख्य ठिकाणाच्या बदलास अधिकाऱ्याची मंजुरी लागते. राज्य तेच असल्याने नोंदणी क्रमांक बदलत नाही.

नोंद न बदलल्यास काय घडते? अधिकारी पडताळणीसाठी सुरतच्या जुन्या पत्त्यावर गेले आणि तेथे व्यवसाय आढळला नाही, तर नोंदणी रद्द करण्याची कार्यवाही सुरू होऊ शकते. कारणे दाखवा नोटिशीला सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावे लागते. ती नोटीस पोर्टलवर आणि ई-मेलवरही येते; म्हणून पत्त्याबरोबर ई-मेल व भ्रमणध्वनी यांच्या नोंदी तपासणे आवश्यक ठरते. कंपनी कायद्यानुसारही कसुरीबद्दल कंपनी व जबाबदार अधिकारी यांना प्रतिदिन १,००० रुपये, कमाल एक लाख रुपयांपर्यंत, दंड होऊ शकतो. लघु कंपनीस यात सवलत आहे. कंपनी व्यवसाय करीत नसल्याचा वाजवी संशय आल्यास निबंधक कार्यालयाची प्रत्यक्ष पडताळणी करू शकतात आणि पुढे नाव वगळण्याची कार्यवाहीही करू शकतात.

पॅनचा क्रमांक पत्त्यावर अवलंबून नसल्याने तो कायम राहतो. पत्त्याची दुरुस्ती तेवढी करावी लागते. कंपनी करकपात करीत असेल तर टॅनसाठी स्वतंत्र अर्ज लागतो. बँकेकडे संचालक मंडळाचा ठराव, नव्या पत्त्याचा पुरावा आणि निबंधकाकडील अद्ययावत नोंद सादर करतात. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कागदपत्रांत बदल झाल्यापासून ३० दिवसांत ग्राहकाने बँकेला ते कळविणे अपेक्षित आहे.

राज्य ओलांडल्यास

हीच कंपनी सुरतहून ठाण्याला आली, तर चित्र पालटते. विशेष ठरावानंतर वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी लागते, धनकोंना सूचना पाठवावी लागते आणि प्रादेशिक संचालकांची मान्यता मिळवावी लागते. कंपनीच्या ओळख क्रमांकात राज्याची अक्षरे असतात. GJ च्या जागी MH येते. वस्तू व सेवा कराचा क्रमांक गुजरातसाठी २४ ने आणि महाराष्ट्रासाठी २७ ने सुरू होतो. ही नोंदणी राज्यनिहाय असल्याने येथे दुरुस्ती चालत नाही. महाराष्ट्रात नवी नोंदणी घेऊन गुजरातेतील व्यवसाय संपल्यावर तेथील नोंदणी रद्द करून घ्यावी लागते.

भागीदारी संस्थेला कंपनी निबंधकाचा संबंध नसतो. नोंदणीकृत संस्थेने भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६० अन्वये मुख्य ठिकाणाचा बदल संस्था निबंधकास कळवावयाचा असतो. मर्यादित दायित्व भागीदारीसाठी स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र नमुना आहे. कर आणि बँकेच्या नोंदी मात्र या दोघांनाही कंपनीप्रमाणेच एकेक करून बदलून घ्याव्या लागतात.