मुलाचं खातं बंद केलं. पण नोंदी कुणाच्या खात्यात होत्या?

आजच्या भागात आपण एकच गोष्ट नीट समजून घेऊ. फॅमिली लिंकमधून मुलाचं गूगल खातं बंद केलं, की त्याचा इतिहास पुसला जातो का? उत्तर असं, की त्या खात्यातला पुसला जातो, बाकीचा राहतो.

समजा, कळमनुरीतलं एक घर आहे. मुलगा दहा वर्षांचा. त्याचं खातं वडिलांच्या खात्याला जोडलेलं आणि एका जुन्या फोनवर चालू आहे. तो फोन आता हिंगोलीला विकायचा आहे. घरात अनेकदा असं होतं, की ॲप काढून टाकलं म्हणजे झालं असं समजतात. तसं नाही. ॲप गेलं तरी खातं आणि देखरेख दोन्ही तशीच राहतात. आणि मूल १३ वर्षांखालचं असेल तर नुसती देखरेख थांबवून खातं ठेवता येत नाही. मग खातंच बंद करावं लागतं.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी मुलाचे फोटो, शाळेच्या फायली takeout.google.com वरून त्याच्याच खात्याने उतरवून घ्यायच्या. मग त्या जुन्या फोनच्या सेटिंगमधून मुलाचं खातं काढायचं. त्याला पालकाचा पासवर्ड लागतो. त्यानंतर फोन रिसेट करायचा. सगळ्यात शेवटी वडिलांच्या फोनवर फॅमिली लिंक उघडून, मुलाचं नाव निवडून, खात्याच्या सेटिंगमधून ते हटवायचं. हाच क्रम उलटा केला, म्हणजे खातं आधी हटवलं आणि मग फोन बटणं दाबून रिसेट केला, तर फोन जुन्याच खात्याची ओळख मागतो. ते खातं तर आता नाही! घेणाऱ्याच्या हातात अडकलेला फोन जातो.

आता इतिहासाचं पाहू. हटवल्यावर शोध, यूट्यूबचा इतिहास हे सगळं मुलाच्या खात्याबरोबर जातं. गूगलच्या म्हणण्यानुसार पूर्ण पुसायला साधारण दोन महिने लागतात आणि बॅकअपमध्ये काही माहिती सहा महिन्यांपर्यंत राहू शकते.

पण त्या मुलाने संध्याकाळी वडिलांच्या फोनवर जे कार्टून पाहिले, जे शोधलं, ते वडिलांच्या खात्यात नोंदलं गेलं. ते मुलाचं खातं हटवून जात नाही. ओळखायचं कसं? वडिलांच्या फोनवर myactivity.google.com उघडा. वरच्या कोपऱ्यातलं चित्र वडिलांचं आहे ना, ते बघा आणि खाली स्क्रोल करा. मुलाच्या वेळेचे व्हिडिओ दिसले, तर तेवढेच एकेक करून हटवा. पुढे अशा जुन्या नोंदी साठून राहायला नको असतील, तर स्वयंचलित हटवण्याची मुदत तिथेच लावता येते. ॲपच्या आत, म्हणजे एखाद्या खेळाच्या कंपनीकडे साठलेली माहिती मात्र यातून पुसली जात नाही. ती त्या ॲपमधूनच मागावी लागते.

म्हणून पहिला प्रश्न 'हटवायचं कसं' हा नाही. आपण आधी विचारायचं, 'ही नोंद कुणाच्या खात्यात पडली?'